भुंकणारा खोकला आणि गळणारी लाळ: क्रूप व एपिग्लॉटायटिस यांतील फरक

रात्रीचा एक वाजला आहे. दीड वर्षाच्या मुलाचे नाक दोन दिवसांपासून वाहत आहे, अंग थोडे गरम आहे, पण झोपण्यापूर्वी ते नेहमीसारखे खेळले होते आणि थोडा वरणभातही खाल्ला होता. अचानक ते खोकत उठते आणि तो खोकला ऐकून घरातील सगळे जागे होतात, कारण तो नेहमीच्या सर्दीच्या खोकल्यासारखा मुळीच वाटत नाही. कुत्र्याचे पिल्लू भुंकावे तसा तो कोरडा, पोकळ आणि खणखणीत असतो. मूल रडू लागते तेव्हा त्याचा आवाज बसलेला असल्याचे कळते आणि प्रत्येक वेळी श्वास आत ओढताना घशातून एक कर्कश, ताणलेला आवाज येतो. आई म्हणते, "ह्याचा श्वास अडकतोय." आजीला डांग्या खोकल्याची शंका येते. कोणी बाळदमा म्हणते, कोणी घशात काही अडकले असेल म्हणून बोट घालून पाहू लागते.

या मुलाला बहुधा क्रूप झालेला असतो. क्रूप हा विषाणूमुळे होणारा, बहुतेक मुलांत दोन-तीन दिवसांत ओसरणारा आणि स्टेरॉइडच्या एका मात्रेने लक्षणीयरीत्या आटोक्यात येणारा आजार आहे. पण श्वास आत घेताना तसाच कर्कश आवाज येणारा दुसरा एक आजार आहे, एपिग्लॉटायटिस. तो आज दुर्मीळ झाला असला तरी काही तासांत मुलाचा श्वासमार्ग पूर्ण बंद करू शकतो, आणि त्यात स्टेरॉइडवर विसंबून वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला वाटते की मुलाचा घसा न पाहता, त्याला हात न लावता, केवळ दारात उभे राहून या दोन आजारांतील फरक बऱ्याच अंशी ओळखता येतो, आणि ही ओळख प्रत्येक आईवडिलांपर्यंत आणि प्रत्येक गावातील पहिल्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला हवी.

एक मिलिमीटर सूज

दोन्ही आजार घशाच्या खालच्या भागात होतात, पण त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. स्वरयंत्राच्या वर जिभेच्या मुळाशी पानासारखी एक कूर्चा असते, तिला एपिग्लॉटिस म्हणतात. आपण घास गिळतो तेव्हा ती स्वरयंत्राच्या तोंडावर झाकणासारखी झुकते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ देत नाही. हे झाकणच जीवाणूंच्या संसर्गाने सुजून लालभडक झाले की त्याला एपिग्लॉटायटिस म्हणतात. क्रूपमध्ये हे झाकण ठीक असते. सूज येते ती त्याच्या खाली, स्वरतंतूंच्या लगेच खालच्या भागात आणि श्वासनलिकेच्या सुरुवातीला.

स्वरतंतूंच्या खालची ही जागा अडचणीची आहे. तेथे श्वासमार्गाभोवती अंगठीसारखी अखंड कूर्चा असते. श्वासनलिकेच्या बाकीच्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात, म्हणून तेथे थोडी लवचीकता असते, पण या एका कड्याला बाहेरच्या बाजूला फुगायला वावच नाही. अस्तर सुजले की ते आतल्या पोकळीतच येते. समजा लहान मुलात ही पोकळी ४ मिलिमीटर रुंद आहे आणि अस्तराला सर्व बाजूंनी केवळ १ मिलिमीटर सूज आली, तर उरलेली वाट २ मिलिमीटर होते, म्हणजे तिचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश राहते. नळीतून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून त्रिज्या निम्मी झाली की तो सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या वाटेत तेवढीच सूज आली तर विरोध सुमारे तिप्पट होतो आणि त्याचा केवळ आवाज बसतो. ज्या विषाणूने वडिलांना साधी सर्दी दिली, त्याच विषाणूने मुलाला रात्री दीड वाजता रुग्णालयात न्यावे लागते, त्यामागे हे साधे गणित आहे.

याच गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मूल रडते तेव्हा ते जोरात श्वास ओढते, अरुंद वाटेत हवेचे भोवरे तयार होतात आणि विरोध आणखी वाढतो. याउलट शांत मुलाला त्याच अरुंद वाटेतून श्वास घेणे तुलनेने सोपे जाते. म्हणून या दोन्ही आजारांत मुलाला आईच्या मांडीवर शांत ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

क्रूप बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूमुळे होतो, पण इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही आणि अलीकडे कोरोनाचा विषाणूही त्याला कारण ठरतो. सहा महिने ते तीन वर्षे हे त्याचे नेहमीचे वय असून दुसऱ्या वर्षात तो सर्वाधिक दिसतो. एपिग्लॉटायटिसचे पारंपरिक कारण म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी, ज्याला आपण हिब म्हणतो, हा जीवाणू. त्याच्या नावात इन्फ्लुएन्झा असले तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. हा आजार प्रामुख्याने दोन ते सात वर्षांच्या मुलांना होत असे. भारतात हिबची लस असलेली पंचसंयोजी लस २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडू येथे सरकारी कार्यक्रमात आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गोव्यासह देशभर पोहोचली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला दिली जाणारी हीच ती लस. ज्या देशांत ती आधीपासून दिली जात होती, तेथे मुलांमधील एपिग्लॉटायटिस जवळजवळ नाहीसा झाला. मात्र याचा एक परिणाम असा की आजच्या अनेक तरुण डॉक्टरांनी हा आजार प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही, आणि लस राहून गेलेल्या मुलात तो समोर आला तर तो चटकन सुचत नाही. इतर जीवाणूंमुळे लस घेतलेल्या मुलालाही तो क्वचित होऊ शकतो.

दारातून पाहिलेली दोन मुले

आता आपल्या दीड वर्षाच्या मुलाशेजारी चार वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. सकाळी ती ठीक होती. दुपारी तिला एकदम खूप ताप आला आणि घसा दुखतो म्हणून तिने जेवण नाकारले. संध्याकाळी पाणीही घेईना. आता रात्री आठ वाजता ती पलंगाच्या कडेला बसली आहे. दोन्ही हात टेकून पुढे झुकलेली, हनुवटी वर आणि पुढे काढलेली, तोंड उघडे. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून फ्रॉक भिजला आहे, कारण स्वतःची थुंकीसुद्धा तिला गिळता येत नाही. ती खोकत नाही आणि बोलत नाही. बोललीच तर तोंडात गरम बटाटा धरून बोलावे तसा जाड, दबलेला आवाज येतो. श्वास घेताना बारीक घरघर आहे, पण ती क्रूपच्या मुलापेक्षा कमीच ऐकू येते. तिला आडवे करायला गेले की ती घाबरून उठून बसते. चेहरा निस्तेज आहे, नजर घाबरलेली आहे, आणि तिचे सगळे लक्ष फक्त पुढचा श्वास घेण्यात आहे.

क्रूपचे मूल खूप आवाज करते. ते खोकते, रडते, आईकडे झेपावते, श्वास थोडा सैल झाला की पाणीही पिते. एपिग्लॉटायटिसचे मूल शांत आणि स्थिर असते, कारण सुजलेले झाकण हलले की वाट बंद होते हे त्याच्या शरीराला कळलेले असते. मेलबर्नमधील मुलांच्या रुग्णालयातील या दोन आजारांच्या नोंदींची तुलना करून तेथील डॉक्टरांनी दाखवून दिले की श्वास घेताना येणारा कर्कश आवाज दोन्हींत सापडतो आणि म्हणून तो फरक करायला उपयोगी पडत नाही, तर खोकला क्रूपकडे आणि गळणारी लाळ एपिग्लॉटायटिसकडे बोट दाखवते. मला ही जोडी अतिशय उपयुक्त वाटते. इतर सर्व लक्षणे विसरली तरी चालतील, पण भुंकणारा खोकला आहे की लाळ गळते आहे, हे आधी पाहावे. त्याच्या जोडीला वेग पाहावा. क्रूपमध्ये सर्दी होऊन एक-दोन दिवस गेलेले असतात, तर एपिग्लॉटायटिसमध्ये धडधाकट मूल काही तासांत गंभीर होते.

डांग्या खोकल्याशी होणारी गल्लतही येथेच दूर करता येते. डांग्या खोकल्यात खोकल्याची लांबलचक उबळ येते आणि ती संपल्यावर श्वास ओढताना आवाज येतो. दोन उबळींच्या मध्ये मूल बऱ्यापैकी ठीक असते आणि हा प्रकार आठवडेच्या आठवडे चालतो. बाळदम्यात आवाज मुख्यतः श्वास सोडताना, छातीतून शिटीसारखा येतो. क्रूपमध्ये आवाज श्वास आत घेताना, गळ्यातून येतो. दम्यासाठी दिली जाणारी साल्ब्युटामॉलची वाफ फुप्फुसांतील बारीक नळ्या सैल करते, पण स्वरतंतूंखालील सुजेवर तिचा उपयोग होत नाही. तरीही "धाप आहे ना, मग वाफ द्या" या सवयीने क्रूपच्या मुलांना ती वारंवार दिली जाताना मी पाहिली आहे, आणि त्यात स्टेरॉइड देण्याचा वेळ निघून जातो.

आणखी तीन शक्यता मनात ठेवाव्या लागतात. सर्दी-ताप काहीही नसताना, शेंगदाणे किंवा चणे खाता-खाता अचानक ठसका लागून श्वासाचा त्रास सुरू झाला तर ती वस्तू श्वासमार्गात गेलेली असू शकते. क्रूपसारख्या सुरुवातीनंतर मूल खूप तापाने फणफणले, गळून गेले आणि क्रूपच्या उपचाराने सुधारले नाही तर श्वासनलिकेत जीवाणूंचा पू धरलेला असू शकतो. आणि आपल्याकडे घटसर्प अजून संपलेला नाही. लसीकरण अपुरे असलेल्या मुलाच्या घशात करडा, चिकटलेला पापुद्रा आणि मानेला सूज असेल तर तो विचार करावाच लागतो, कारण त्याला प्रतिविष लागते.

धोका किती आहे, हे मुलाचे शरीर सांगते

क्रूप ठरवल्यावर पुढचा प्रश्न त्याच्या तीव्रतेचा असतो. यासाठी डॉक्टर बहुधा वेस्टली यांची गुणपद्धती वापरतात. तिच्यात पाच गोष्टींना गुण असतात: श्वास घेतानाचा आवाज, छाती आत ओढली जाणे, छातीत हवा किती पोहोचते, निळेपणा आणि शुद्ध. दोनपर्यंत गुण म्हणजे सौम्य, तीन ते सात मध्यम, आठ किंवा अधिक तीव्र, आणि बारा किंवा अधिक म्हणजे श्वास थांबण्याच्या बेतात.

घरी एवढे गुण मांडायची गरज नाही. मुलाचे अंगावरचे कपडे वर करून दिव्याच्या उजेडात त्याची छाती पाहावी. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या तळाशी, दोन हाडांच्या मधला खळगा आत जातो का, बरगड्यांच्या खाली आणि मध्ये कातडी ओढली जाते का, पोट जोरात उडते का, हे दिसते. मूल शांत झोपलेले किंवा आईच्या कुशीत असतानाही श्वासाचा कर्कश आवाज येत असेल तर तो किमान मध्यम क्रूप आहे आणि सकाळची वाट पाहू नये. केवळ रडताना आवाज येत असेल आणि शांत झाल्यावर थांबत असेल तर आजार सौम्य आहे, तरीही त्याला डॉक्टरकडे स्टेरॉइडची एक मात्रा मिळणे हिताचे असते.

येथे एक फसवी गोष्ट आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बराच वेळ जोर लावून श्वास घेणारे मूल दमते. दमले की ते हवा कमी ओढते, म्हणून आवाज कमी होतो, छाती ओढली जाणेही कमी दिसते आणि घरच्यांना वाटते की आराम पडला, आता झोप लागली. खऱ्या आरामात मूल सावध असते, ओळखते, रडते, पाणी मागते आणि त्याचा रंग चांगला असतो. दमलेले मूल मलूल असते, हाक मारली तरी नीट पाहत नाही, फिकट किंवा राखी दिसते. आवाज कमी झाला आणि मूलही मंदावले, तर तो सर्वांत मोठा धोका समजावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही येथे खोटा दिलासा देतो. वरचा श्वासमार्ग अरुंद झालेल्या मुलाची फुप्फुसे निरोगी असल्याने ऑक्सिजनचा आकडा बराच काळ चांगला राहतो आणि घसरतो तो अगदी शेवटी. म्हणून ९७ हा आकडा पाहून छाती ओढत असलेल्या मुलाला घरी ठेवू नये.

स्टेरॉइड काय करते आणि किती द्यायचे

आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घरच्यांनी रुग्णालयात आणले आहे. त्याचे वजन ११ किलो आहे. आईच्या मांडीवर शांत असतानाही श्वासाचा आवाज येतो, म्हणून दोन गुण. छाती मध्यम प्रमाणात ओढली जाते, आणखी दोन. हवा थोडी कमी पोहोचते, एक. रंग आणि शुद्ध चांगली आहे. एकूण पाच गुण, म्हणजे मध्यम क्रूप. लाळ गळत नाही, खोकला भुंकल्यासारखा आहे, लसी पूर्ण आहेत.

त्याला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तोंडाने, एकदाच द्यायचे आहे. सर्वाधिक वापरली जाणारी मात्रा किलोमागे ०.६ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ११ किलोला ६.६ मिलिग्रॅम. आपल्याकडे डेक्सामेथासोनच्या गोळ्या बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमच्या मिळतात आणि दीड वर्षाच्या मुलाला तेरा गोळ्या कुटून देणे अवघड असते. म्हणून अनेक डॉक्टर इंजेक्शनची बाटली उघडून तेच औषध तोंडाने देतात. तिच्यात एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम औषध असते, त्यामुळे ६.६ मिलिग्रॅमसाठी सुमारे १.६५ मिलिलिटर लागते. ते कडू असल्याने थोड्या गोड सिरपमध्ये मिसळून सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडले की बहुतेक मुले ते गिळतात. लगेच उलटी झाली तर मात्रा पुन्हा द्यावी लागते. तोंडाने घेणे शक्य नसेल तरच सुई टोचावी, कारण सुईने मूल रडते, आणि रडण्याने श्वासमार्गाचे काय होते ते वर पाहिलेच आहे.

०.६ ऐवजी किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम ही चौथाई मात्रा ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील अनेक डॉक्टर देतात. पर्थमध्ये बाराशेहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन मात्रांच्या आणि किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या परिणामांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. म्हणून एखाद्या गावात डेक्सामेथासोन हाताशी नसेल तर प्रेडनिसोलोनचे सिरप देण्यातही हयगय करू नये. प्रेडनिसोलोनचा परिणाम लवकर ओसरतो, डेक्सामेथासोनचा मात्र दीड ते तीन दिवस टिकतो. तेवढाच क्रूपचा जोर असतो, म्हणून एक मात्रा बहुधा पुरते. तोंडाने काहीच जात नसेल तर ब्युडेसोनाइड २ मिलिग्रॅम नेब्युलायझरने देता येते.

स्टेरॉइड हा शब्द ऐकून अनेक पालक दचकतात आणि त्यांची भीती मी समजू शकतो, कारण आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांचे सुजलेले चेहरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण ते दुष्परिणाम दीर्घ काळ घेतल्याने होतात. एका मात्रेने मूल थोडे चिडचिडे होईल, एखाद्या रात्री झोप कमी लागेल, इतकेच साधारण अपेक्षित असते. कांजिण्यांच्या रुग्णाशी नुकताच संबंध आलेला असेल किंवा मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कॅनडात ७२० मुलांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य क्रूपच्या मुलांनाही एक मात्रा दिल्यावर पुन्हा डॉक्टरकडे यावे लागणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. म्हणजे आजार सौम्य असला तरी एका मात्रेने दुसरी भीतीदायक रात्र बऱ्याच घरांत टळते.

स्टेरॉइडची मर्यादा म्हणजे वेळ. ते रक्तवाहिन्यांतून पाझरणारे पाणी आणि दाह कमी करते, पण त्यासाठी पेशींमध्ये बदल घडावे लागतात, म्हणून परिणाम स्पष्ट दिसायला साधारण एक-दोन तास लागतात. तेवढा वेळ हाताशी नसेल, छाती खूप ओढली जात असेल, तर ॲड्रेनलिनची वाफ दिली जाते. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेले ॲड्रेनलिन किलोमागे अर्धा मिलिलिटर, पण ५ मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. म्हणून ११ किलोच्या मुलाला हिशेबाने साडेपाच येत असले तरी पाचच मिलिलिटर. ते सुजलेल्या अस्तरातील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दहा ते तीस मिनिटांत श्वास सैल होतो. मात्र दोन तासांत त्याचा परिणाम ओसरतो. वाफेनंतर मूल हसू लागले म्हणून लगेच घरी सोडण्याची चूक याच ठिकाणी होते. दोन ते चार तास थांबवून, शांत असताना आवाज येत नाही याची खात्री करूनच घरी पाठवावे. ॲड्रेनलिन ओसरते तोपर्यंत स्टेरॉइड कामाला लागलेले असते, म्हणून दोन्ही सोबतच द्यावीत.

आपल्या मुलाला स्टेरॉइड आणि एक वाफ मिळाली. पहाटे पाच वाजता ते आईच्या खांद्यावर झोपले आहे, शांत श्वासाला आवाज नाही, डॉक्टरांनी तपासताना ते जागे होऊन रडले तेव्हाच थोडा आवाज आला. गुण पाचांवरून एकावर आले. खोकला अजून भुंकल्यासारखा आहे आणि तो आणखी एक-दोन दिवस राहील. प्रतिजैविकाची गरज नाही, कारण आजार विषाणूचा आहे. खोकल्याचे सिरप सुजेला काही करत नाही. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ तर कृपया देऊ नये. दमट हवेचा क्रूपला फायदा झाल्याचे चाचण्यांत दिसले नाही आणि पातेले उलटून भाजलेली मुले मात्र रुग्णालयात येतात. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला असा आजार झाला किंवा तो पुन्हा पुन्हा होऊ लागला, तर श्वासमार्गाच्या रचनेतच काही दोष आहे का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे.

पुढे झुकून बसलेल्या मुलीसाठी

आता त्या चार वर्षांच्या मुलीकडे परत येऊ. तिच्या घरच्यांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. तिला ती बसली आहे तशीच, आईच्या मांडीवर ठेवावी. आडवे करू नये. पाणी, औषध, मध-हळद काहीही पाजू नये. घशात चमचा किंवा बोट घालू नये. घसा दुखला की पडजीभ वर करण्यासाठी बोट घालण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. या मुलीच्या घशाला तसा स्पर्श झाला तर सुजलेले झाकण स्वरयंत्रावर घट्ट बसून श्वास त्याच क्षणी बंद होऊ शकतो. १०८ ला फोन करून "मुलाला श्वास घेता येत नाही, लाळ गळते आहे" एवढे स्पष्ट सांगावे आणि ज्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ व कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत तेथे जावे.

डॉक्टरांचे नियमही तसेच कडक आहेत. जीभ दाबून घसा पाहायचा नाही. रक्त काढण्यासाठी किंवा सलाइनसाठी सुई टोचण्याची घाई करायची नाही. एक्स-रेसाठी मुलीला एकटीने दुसऱ्या खोलीत पाठवायचे नाही. मानेच्या एक्स-रेत सुजलेले झाकण अंगठ्याच्या छायेसारखे दिसते हे खरे, पण निदान मुलीकडे पाहून झालेले आहे आणि एक्स-रेच्या खोलीत श्वास बंद पडला तर तेथे तिला वाचवायला कोणी नसते. ऑक्सिजनही मास्क तोंडावर दाबून न देता, आईने नळी चेहऱ्यापुढे धरून द्यावा.

खरा उपचार शस्त्रक्रियागृहात होतो. भूलतज्ज्ञ तिला बसलेल्या अवस्थेतच सेव्होफ्लुरेन या वायूने हळूहळू भूल देतात, तिचा स्वतःचा श्वास चालू ठेवतात आणि मगच नळी घालतात. वयाच्या मानाने अर्धा ते एक मिलिमीटर बारीक नळी निवडावी लागते. कान-नाक-घसा तज्ज्ञ गळ्यात छेद देऊन वाट करण्याच्या तयारीने शेजारी उभे असतात. नळी बसली की मग सुया टोचणे, रक्ताचे नमुने आणि सेफ्ट्रिॲक्झोनसारखे प्रतिजैविक. स्टेरॉइडने एपिग्लॉटायटिसमध्ये फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. काही डॉक्टर ते जोडीला देतात, पण आधी स्टेरॉइड देऊन परिणामाची वाट पाहणे या आजारात चूक आहे, कारण तिच्या वाटेला तेवढे तास उरलेले नसतात. पहिल्या डॉक्टरला शंका असेल तर तिला क्रूप समजून थांबवण्यापेक्षा एपिग्लॉटायटिस समजून पाठवावे. नंतर तो क्रूप निघाला तरी त्यात काही हरवत नाही.

नळी घातल्यानंतर चित्र झपाट्याने पालटते. प्रतिजैविकाने सूज उतरू लागते आणि बहुतेक मुलांची नळी दोन-तीन दिवसांत, झाकणाची सूज उतरल्याचे प्रत्यक्ष पाहून काढता येते. हिबचा संसर्ग सिद्ध झाला आणि घरात लसी पूर्ण न झालेले धाकटे भावंड असेल, तर घरातील सर्वांना चार दिवस रोज एकदा रिफॅम्पिसिन दिले जाते, म्हणजे जीवाणू कोणाच्या घशात राहिला असेल तर तो त्या बाळापर्यंत पोहोचणार नाही. त्या औषधाने लघवी नारिंगी होते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर दुसऱ्याच दिवशी घाबरून ते औषध बंद करतात.